शेवटची तीन कोरी पानं

टास्मानियातल्या लाकूड-गिरणीच्या कॅन्टीनमध्ये हयात घालवलेल्या बेरील टंक्सनं आपल्या कवितांचं प्रूफ ओळीखाली पट्टी धरून दोनदा तपासलं आणि छापखानेवाल्या डेससमोर ठेवलं.

"पंचवीस पानं होतायत," डेस म्हणाला. "मधे पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात. ती करवतीची कविता काढ, चोविसात बसेल. तुझ्या नवऱ्याची, वॉल्टची, बोटं करवतीत जाऊन वीस वर्षं झाली. गिरणीच्या मॅनेजरला आता कशाला डिवचतेस?"

"तीच राहणार. अठ्ठावीस कर."

"अगं, शेवटची तीन कोरी जातील!"

"जाऊ देत. आणि प्रती साठ."

"या गावात तीस खपल्या तरी देव पावला!"

"साठ म्हणजे साठ."

गावच्या बोलिंग क्लबात चहा आणि स्कोन नावाच्या गोडसर पावांवर प्रकाशन झालं. बेरीलनं करवतीचीच कविता वाचली. म्हातारे मॅनेजर ताडकन उठले. "यात आमची बाजू कुठंय?"

बेरीलनं पुस्तिकेची कोरी पानं उघडून त्यांच्यापुढे धरली, वर पेन ठेवलं.

"तुमच्यासाठीच राखलीत. लिहा. माझा वॉल्ट डाव्या हातानं लिहायला शिकला. तुमचे तर दोन्ही शाबूत आहेत."