संजनाने विचारलेला प्रश्न

संजना गांगुर्डेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

ती आमच्या कॉलेज रोडच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आली २००५ साली, फोन घ्यायला आणि जॉबकार्ड लिहायला. मुक्त विद्यापीठाची बी.ए., तेही इतिहास घेऊन. मी हार्डवेअरचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला, चिप बदलणारा माणूस. दुकानात मला सगळे ‘मयूर सर’ म्हणायचे. ती पण म्हणायची, आणि तिचं ते ‘सर’ अगदी मनापासून असायचं. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

तिला एक खोड होती. गिऱ्हाईक लॅपटॉप टेबलावर ठेवायचं आणि ही विचारायची, “बिघडायच्या आदल्या दिवशी काय काय झालं होतं?” मग माणसं सांगत बसायची. भाचा आला होता, लाइट गेली होती, बॅग एसटीत पडली होती. मी आतून ओरडायचो, “संजना, कार्ड लिही, कथा नको!” पण कार्डावर तिने जे लिहून दिलेलं असे त्यातनं माझं अर्धं काम झालेलं असे. हे मी कधी कुणाला बोललो नाही. घरी बायकोला सांगितलं ते एवढंच, की दुकानात एक चोंबडी मुलगी आली आहे.

पुढच्या वर्षी आमच्या मालकांनी, सुनीलशेठनी, सातपूरला नवं काउंटर काढायचं ठरवलं. तिथं इन-चार्ज कोण, हे दिवाळीच्या आत सांगणार होते. दुकानात नऊ वर्षं मी होतो, त्यामुळे मला काळजी नसायला हवी होती. तरी एकदा शेठ संजनाला म्हणाले, “सातपूर तर तुझं माहेरच की गं,” आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिचे वडील तिथल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला होते. माझ्या डोक्यात दिवसरात्र एकच घोळायला लागलं, ती जागा माझी आहे.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी रावजीकाका आले. मूळचे सिन्नरचे, सातपूरला चार लेथ मशीनचं वर्कशॉप. जावयाने दिलेला जुना लॅपटॉप घेऊन आले होते, आणि त्यात त्यांची सगळी ड्रॉइंगं होती.

“चालूच व्हत नाय हो. नुसतं बीप बीप करतं आन् निळा पडदा येतो. बंद केलं, चालू केलं, परत तेच.”

मी सुरू केला. बीप, बीप, बीप, आणि कुणी हात न लावता विंडोजच्या आधीचा, सेटअपचा निळा पडदा उघडला. त्यातून बाहेर पडलो, मशीन पुन्हा सुरू झालं आणि पुन्हा तिथंच येऊन उभं राहिलं. सेटिंगं मूळची केली. बोर्डावरची छोटी बॅटरी बदलली, रॅम बदलली, हार्ड डिस्क काढून पाहिली. बाहेरचा कीबोर्ड जोडला, त्याने पडद्यावर इकडेतिकडे फिरता आलं, पण गाडी सेटअपच्या पुढे जाईना. दुपारी मी निकाल दिला, “बोर्ड गेलाय काका. बदलावा लागेल.”

काकांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला.

“काका, खंडेनवमीला याची पूजा केली होती का?”

“केली ना. समद्या मशिनींची करतो. हळद-कुंकू, फुलं, नारळ. यालाबी पाच बोटं वढली पडद्याखाली.”

“कोरडं कुंकू की कालवलेलं?”

“कालवलेलं. दुसऱ्या दिवशी वल्ल्या फडक्यानं पुसून घेतलं की.”

संजना माझ्याकडे वळली. “सर, आमच्या घरी ही पूजा नसते, पण पप्पा सांगतात. दसऱ्यानंतर कंपनीत पहिले दोन तास बटणंच साफ करण्यात जातात. कुंकू आत वाळतं आणि बटण दाबलेलंच राहतं. सेटअपमध्ये जायला आपण एफ-टू दाबतो ना? मग ती कुणी दाबून धरली असेल तर?”

“तू फोन घे,” मी म्हणालो. “लेथचं बटण आणि लॅपटॉप यांत फरक असतो.” काका ओशाळून उभे राहिले. संजनाने मान खाली घातली आणि कार्ड लिहायला लागली. वाजत नव्हता तो फोन तिने उगाच उचलून पाहिला.

सगळे जेवायला गेल्यावर मी दार लोटलं आणि लॅपटॉपच्या कीबोर्डची जोडणीची पट्टी बोर्डापासून सोडवली. आतला कीबोर्ड आता मशीनच्या लेखी नव्हताच. बटण दाबलं. बीप नाही, निळा पडदा नाही. सरळ विंडोज उघडलं आणि रावजीकाकांच्या नातीचा फोटो समोर आला.

बोर्ड ठणठणीत होता. बाहेरचा कीबोर्ड जोडताना आतला तसाच ठेवला, एवढीच माझी चूक. नऊ वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाची. मला मशीन सुरू झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हे सुरू झालं नसतं तर बरं.

एफ-टू शेजारणींपेक्षा केसभर खाली होती. बटणाची टोपी अलगद उचलली. खालच्या बिजागरीत लालसर लगदा वाळून घट्ट बसलेला. स्पिरिटच्या बोळ्याने तो पुसला, टोपी बसवली, चार वेळा दाबून पाहिली. प्रत्येक वेळी वर आली. पट्टी पुन्हा जोडून सुरू केला, तरी सरळ विंडोज.

सुनीलशेठ चारला आले. मी आधीच तयार होतो. “शेठ, बोर्ड वाटत होता, पण मी कीबोर्ड बाजूला करून बघितलं. एफ-टू अडकलेली. पूजेचं कुंकू.” शेठनी पाठ थोपटली. “असा डोकेबाज माणूस पाहिजे सातपूरला.” सगळ्यांसमोर म्हणाले. संजना समोरच बसली होती. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी तिच्याकडेच बघत होतो. ती बोलली, पण एवढंच, “सर, कार्डावरचं ‘बोर्ड खराब’ खोडू ना?”

खोड, म्हणालो मी. तिने नीट पट्टी धरून खोडलं. माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर मला तिच्याशी भांडता आलं असतं. ती मला काहीच म्हणाली नाही आणि त्यामुळे मी तिचा आणखीच दुस्वास करायला लागलो.

दिवाळीला मी सातपूरला इन-चार्ज झालो. संजना कॉलेज रोडलाच राहिली. पाटीवर नाव, फिरती खुर्ची, हाताखाली दोन माणसं.

पहिल्याच आठवड्यात एक जॉबवर्कवाला कारखानदार आला. लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही. इकडेतिकडे बघत म्हणाला, “त्या ताई कुठंयत? रावजीशेठ म्हणले, त्यांनी हात न लावता, नुसतं विचारून मशिनीचं दुखणं सांगितलं.” दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. मग एक बाई आल्या, प्रिंटिंग प्रेसवाल्या. रावजीकाकांनी सगळ्या एमआयडीसीत सांगून ठेवलं होतं. त्यांना मी खोटं ठरवू शकत नव्हतो, कारण त्या दिवशी ते काउंटरपाशी उभे राहून सगळं ऐकत होते.

प्रत्येकाला मी सांगतो, ताई आज सुट्टीवर आहेत, मी बघतो ना. काही जण बॅग उघडतात. बाकीचे म्हणतात, “मग त्या आल्या की येतो,” आणि निघून जातात. कालही तिघे गेले. आणि शेठनी आज फोनवर विचारलं, “मयूर, तिकडे लोक कोणाला शोधत येतात रे?”