बटणाला हात लावू नये

माझा पाय मोडला तेव्हा सरांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न पायाबद्दल नव्हता. "किती दिवस?" एवढंच. मी म्हटलं, डॉक्टर सहा आठवडे सांगतात. ते म्हणाले, "मंग मले दुसरा माणूस पाहा लागते."

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. नऊ वर्षं मी त्या ऑफिसात नकाशे काढत होते. साकोलीला हायवेवर, खतबियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. माणसं तीनच. सर म्हणजे मालक आणि इंजिनिअर, काका, जे ऑफिस उघडायचे, झाडायचे आणि मग सरांबरोबर साइटवर टेप धरायला जायचे, आणि मी. मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीची कामं असत. पाळ, म्हणजे तलावाचा बांध कुठे खचला, सांडवा किती रुंद करायचा, हे सगळं माझ्या हातून कागदावर उतरायचं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तरी आमच्याकडच्या जुन्या नकाशांवर दोन्ही जिल्हे अजून एकत्रच होते, आणि त्यातला कोणता तलाव आता कुठल्या फाइलीत जातो हे मला तोंडपाठ होतं. दुसरा माणूस म्हणे!

"घरून करीन," मी म्हटलं.

"घरून कसं करशीन? सॉफ्टवेअरची चावी त त्या मशीनले लागून आहे."

हे खरं होतं. नकाशाचं सॉफ्टवेअर मागच्या बाजूला पेनड्राइव्हसारखी चावी लावल्याशिवाय उघडत नसे, आणि ती चावी त्या एकाच कॉम्प्युटरला. माझं गाव साकोलीपासून अकरा किलोमीटर. पण सर स्वतः घरून ऑफिसच्या फाइली पाहायचे. राउटर बसवणाऱ्याने त्यांना व्हीपीएन करून दिलं होतं, म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खासगी वाट. त्याच वाटेने मी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा इथे लॅपटॉपवर उघडू शकत होते. अडचण एकच. कॉम्प्युटर चालू पाहिजे.

आणि चालू कोण करणार? सर आणि काका सकाळी सातलाच साइटवर निघायचे. दिवसरात्र चालू ठेवायला सर तयार नव्हते. एकदा बोर्डात ठिणगी उडाली होती, तेव्हापासून धसका. रिकामा राहिला की अर्ध्या तासात कॉम्प्युटर झोपी जाईल, असंच त्यांनी लावून घेतलं होतं. झोपलेल्या कॉम्प्युटरला माझी वाट दिसत नव्हती.

"त्याले घरूनच उठवते मी," मी म्हटलं. अशी सोय असते हे मला माहीत होतं, केली मात्र कधी नव्हती.

सर हसले. तेच मला झोंबलं. "ठीक आहे," म्हणाले. "पण ज्या दिवशी तुझ्यापायी एक काम अडलं, त्या दिवशी खुर्ची दुसऱ्याची. डिप्लोमावाला पोरगा पाहून ठेवला आहे मी."

त्या रविवारी काका ऑफिसात आणि मी घरी खाटेवर, मध्ये व्हिडिओ कॉल. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, असं सांगून मी त्यांना अगदी आतल्या सेटिंगच्या निळ्या पानावर नेलं. काका एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवायचे आणि मी 'हो' किंवा 'पुढे' म्हणायची. नेटवर्कच्या केबलवरून हाक आली तर जागं व्हायचं, ही ओळ आम्ही चालू केली. त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती, वीज जाऊन परत आल्यावर काय करायचं ही. ती मी पाहिली आणि म्हटलं, "पुढे." बाकीची विंडोजमधली सेटिंग मी माझी मीच घरून केली.

पहिल्या दोन दिवसांत हाक पोचलीच नाही. घरून व्हीपीएनवर पाठवायची आणि कॉम्प्युटर ढिम्म. राउटरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, ती हाक गल्लीत ओरडल्यासारखी असते. ऑफिसच्या तारांमध्ये सगळ्यांना एकदम ऐकू जाते, ज्याच्या नेटवर्क-कार्डाचा नंबर तिच्यात असेल तो उठतो. पण ती गल्लीच्या बाहेरून आत येत नाही, तुमचं व्हीपीएन तिला दारातच थांबवतं. मग आतल्याच कोणाला तरी ओरडायला सांगायचं. राउटर तर चोवीस तास जागा असतो, छोट्या बॅटरीवर का होईना. व्हीपीएनने राउटरच्या पानावर जायचं आणि त्यालाच म्हणायचं, उठव त्याला.

तिसऱ्या दिवशी तसं केलं. राउटरने लिहिलं, पाठवलं. कॉम्प्युटर मात्र ओ देत नाही. या हाकेला उत्तर नसतंच. वाट पाहायची आणि दार ठोकून बघायचं. मिनिटभराने ठोकलं आणि दार उघडलं. माझा पडदा, माझे तलाव, माझी अर्धवट राहिलेली पाळ! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वहिनी पीठ मळता मळता धावत आली.

"काय झालं, पडल्या का आणखी?"

"उठला!"

"कोण?" म्हणाली, आणि लॅपटॉपकडे बघून हात झटकत परत गेली.

राहिली एक भानगड. काका संध्याकाळी कुलूप लावताना देवाला हात जोडायचे आणि बोर्डावरची सगळी बटणं खाली पाडायचे. वर्षानुवर्षांची सवय, त्या तीन दिवसांत मी रोज संध्याकाळी फोन करून ती अडवली होती. वीजच नसेल तर झोपलेल्या कॉम्प्युटरच्या कानात हाक पडणार कशी? मी काकांना बजावलं, माझ्या कॉम्प्युटरचा स्विच चालू राहू द्यायचा, आणि त्याच्या गोल बटणाला तर हातच लावायचा नाही, नाहीतर झोपला आहे की बंद झाला आहे ते मला इथे कळणार नाही. चिठ्ठीही लावायला लावली. 'बटणाला हात लावू नये.' काकांनी ती कॉम्प्युटरला चिकटवून मला फोटो पाठवला.

पाच आठवडे मी एकही दिवस चुकले नाही. मधे वीज गेली तरी ऑफिसचा इन्व्हर्टर मशीनला धरून ठेवायचा. सर साइटवरून फोन करायचे, नकाशा झाला का? मी म्हणायची, कधीचाच. हे म्हणताना मला फार बरं वाटायचं.

मग तो दिवस आला. एका तलावाचे नकाशे दुपारी तीनच्या आत सरकारी वेबसाइटवर चढवायचे होते. काम संपलेलं, शेवटचा एक मजकूर बदलायचा होता. आदल्या संध्याकाळी गडगडाट झाला होता. सकाळी दहाला मी राउटरला सांगितलं. त्याने लिहिलं, पाठवलं. मिनिटभराने ठोकलं. काही नाही. पुन्हा पाठवलं. पुन्हा. दहा वेळा पाठवलं असेल, राउटर प्रत्येक वेळी निमूटपणे 'पाठवलं' म्हणायचा आणि मला त्याला फेकून मारावंसं वाटायचं. सरांचा फोन लागेना, काकांचा लागेना. दोघं नागझिऱ्याकडच्या तलावावर, तिथे नेटवर्कच नाही.

साडेअकरापर्यंत मी बसून होते. मग माझ्या डोळ्यांपुढे तो डिप्लोमावाला आला, माझ्या खुर्चीत, माझ्या माउसवर हात ठेवून.

"वहिनी," मी म्हटलं, "गाडी काढ."

"काहून? प्लास्टर घेऊन कुठं जाऊन राहिल्या?"

"ऑफिसात. एक बटण दाबाले."

वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीची चावी घेतली. स्कूटीवर मागे आडवी बसून, प्लास्टरचा पाय बाहेर काढून मी अकरा किलोमीटर गेले. धानाच्या रोवणीवाल्या बाया बांधावर उभ्या राहून पाहत होत्या, पाहू दे म्हटलं. ऑफिसचा जिना अठरा पायऱ्यांचा. मी खालच्या पायरीवर पाठमोरी बसले आणि हातांवर जोर देत एकेक पायरी वर सरकले. वहिनी पाय धरून खालून येत होती. सातव्या पायरीवर मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही, चीड आली होती म्हणून.

माझ्याजवळच्या दुसऱ्या चावीने कुलूप उघडलं. कॉम्प्युटरचा प्लग लावलेला, स्विच चालू, चिठ्ठी जागेवर. मागच्या केबलपाशी एक बारीक हिरवा दिवा झोपेतही लुकलुकायचा, तो मेलेला. मी खुर्चीत बसले आणि गोल बटण दाबलं. कॉम्प्युटर झोपेतून उठला नाही, अगदी पहिल्यापासून सुरू झाला. रात्री त्याची वीज तुटली होती. नकाशे सेव्ह करून ठेवायची सवय, म्हणून वाचले. पावणेतीनला फाइल चढली. पोचपावती छापून घेतली. वहिनी पोरांच्या शाळेसाठी निघून गेली, मी तिथेच बसून राहिले.

पाचला दोघं आले. सर दारातच थांबले.

"म्हणजे तुझं घरून उठवणं फेल."

"आज फेल," मी म्हटलं.

काका पुढे आले. तोंड एवढंसं झालं होतं. "काल लई कडाडून राहिलं होतं बाई, म्हणून प्लग काढला. सकाळी लावला ना, स्विच पण टाकला. बटन नाही दाबलं. तुमीच म्हटलं होतं."

सर काकांकडे वळले. "तुमाले कोणी सांगतलं प्लग काढाले?"

इथे मी गप्प बसले असते तर काम भागलं असतं. दोष काकांच्या अंगावर गेला असता आणि माझी खुर्ची वाचली असती. पण काकांनी मी सांगितलं तेच अक्षर न् अक्षर केलं होतं. वीज पूर्ण तुटली की आमच्या त्या मशीनचं कार्ड हाक विसरतं, एकदा बटण दाबून सुरू करावं लागतं, तेव्हा ते पुन्हा कान देऊ लागतं. वीज आल्यावर आपोआप सुरू हो, ही ओळ त्या निळ्या पानावर होती. मी तिला 'पुढे' म्हटलं होतं.

"चूक माझी आहे सर," मी म्हटलं. "काकांनी मशीन वाचवली. ती ओळ मीच सोडली होती, आता चालू केली. चिठ्ठी पण बदलली."

"आपलं काय ठरलं होतं, आठवते?"

"आठवते. काम अडलं त खुर्ची दुसऱ्याची." मी पोचपावती त्यांच्यापुढे सरकवली. "अडलं का?"

त्यांनी वेळ वाचली. दोनदा वाचली. मग माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. त्याला जिन्याची सगळी धूळ लागली होती.

"आलीस कशी वर?"

"बसून."

उतरायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, बाईले खुर्चीसगट नेऊ. खुर्ची जुनी, लाकडी, हातांची. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला सर. डिप्लोमावाल्यासाठी ठेवलेली ती खुर्ची सर अठरा पायऱ्या धापा टाकत खाली घेऊन आले, तिच्यात मी. खाली ऑटो उभा होता. मला आत बसवून ते घाम पुसत उभे राहिले.

"खुर्ची वर नेऊन ठेवा सर," मी म्हटलं. "माझी आहे."