स्टोअरच्या एका संगणकासाठी मोंगोडीबी

बोईसरच्या आमच्या कारखान्यात स्टोअरला एकच संगणक आणि दिवसाला जेमतेम चाळीस नोंदी. त्या नोंदींचा प्रोग्रॅम मी लिहिला. माहिती साठवायला एका फाइलीत मावणारं एसक्यूएलाइट हे साधं डेटाबेस सॉफ्टवेअर पुरलं असतं. पुढे संगणक वाढले असते, तर त्याहून मोठं पोस्टग्रेस होतंच. पण मी मोंगोडीबी बसवलं, कारण नवी नोकरी शोधताना ते नाव अर्जात लिहायचं होतं. हे कारण आजवर कुणालाच सांगितलं नाही.

माल दिल्याची नोंद एकीकडे आणि शिल्लक दुसरीकडे, अशी माझा प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या पायऱ्यांत लिहायचा. मधेच वीज गेली की नोंद व्हायची, पण शिल्लक कमी व्हायची नाही. दोन्ही एकत्र बांधायची, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही, अशी सोय मोंगोडीबीत होती, पण मी बसवलेल्या एकट्या सर्व्हरवर ती चालत नव्हती, आणि मी तो बदलायचा कंटाळा केला.

स्क्रीनवर बारा गॅस्केट, रॅकवर दहा. साहेब नोंदी टाकणाऱ्या स्टोअरच्या बाईंवर खेकसले. त्या जवळच्या नवापूरच्या, बोलणंही तिकडचंच. "मी बरोबरच टाकलाय साहेब, तुमचा मशीनच खोटा बोलतोय!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एंट्री नीट करायला सांगा."

साहेबांनी बाईंना स्टोअरमधून काढून पॅकिंगला उभं केलं. मग मी गुपचूप एसक्यूएलाइट आणलं, दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधल्या. शिल्लक चुकेना. साहेब खूश. "बघा, बाई गेल्या आणि स्टॉक जुळला!"

परवा शेवटी साहेबांना खरं सांगितलं, की चूक बाईंची नव्हती, माझ्या प्रोग्रॅमची होती.

"आता कशाला उकरता? पॅकिंगलाही माणूस लागतंच की," ते म्हणाले.

बाईंना अजून सांगायचंय.