वरीलप्रमाणे

चौसाळ्यात टँकरवाल्यांची सहकारी संस्था होती आणि मी तिचा एकुलता एक कारकून. दुष्काळात गावोगाव पाणी पोचवायच्या सरकारी निविदा आम्ही भरायचो. प्रत्येक निविदेसोबत बयाणा रक्कम ठेवावी लागे. तिचं एक रजिस्टर मी केलं होतं: रक्कम किती, परत कधी, जप्त कशावरून. अक्षर चांगलं म्हणून मला त्याचा भारी तोरा.

त्या वर्षी पावसाळ्यानं दगा दिला आणि दोन तालुक्यांच्या निविदा एकदमच निघाल्या. बयाण्यासाठी सभासदांनी पैसे गोळा केले. त्यातल्या एका ड्रायव्हरनं लेकीच्या नर्सिंगच्या फीच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे दुसऱ्या तालुक्याच्या बयाण्यात घातले होते. पहिल्या निविदेच्या अटी मी नीट वाचून लिहिल्या: निविदा उघडल्यापासून नव्वद दिवस दर कायम, तोवर माघार घेतली तर बयाणा जप्त. दुसरीची नुसती रक्कम बघितली. कार्यालय तेच, कागदांचा गठ्ठाही तेवढाच. बाकीच्या रकान्यांत 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा झालो.

ड्रायव्हर दर आठवड्याला विचारायचा, "सायब, कधी येतेत पैसे?" मी रजिस्टर उघडून ऐटीत तारीख सांगायचो.

पहिल्या तालुक्याचं काम भलत्याच संस्थेला गेलं. दुसऱ्या तालुक्याचा निर्णय लागेना. तेवढ्यात, ज्या विहिरीवरून टँकर भरायचे, ती आटली. पाणी लांबून आणायचं तर आमच्या दरात डिझेलही निघणार नव्हतं. चेअरमन म्हणाले, "माघार घेतली तर चालंल का? बघून सांगा."

मी रजिस्टर बघितलं. नव्वद दिवस सरले होते. माघारीचं पत्र मीच लिहिलं आणि मीच देऊन आलो. आवक-जावकच्या बाईंनी शिक्का मारला.

आठवड्यानं पत्र आलं: वैधतेच्या मुदतीत माघार घेतल्यामुळे बयाणा रक्कम जप्त. मी धावत कपाटाकडे गेलो, दुसरी निविदा काढली. तिच्यात मुदत एकशेवीस दिवस होती. आणखी तीन आठवडे गप्प बसलो असतो, तर सगळी रक्कम परत मिळाली असती. मला माझीच किळस आली.

ड्रायव्हर संध्याकाळी आला. मी सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुमी तारीख सांगितली म्हून मी कालेजात सांगून आलतो," तो म्हणाला. मग रजिस्टर स्वतःकडे ओढून त्या 'वरीलप्रमाणे'वर बोट ठेवलं. "हे तुमी वाचून लिवलं व्हतं, का नुस्तंच?"

"नुसतंच," मी म्हणालो.