आईचं चार मिनिटांचं भाषण

आई काल सकाळी गेली. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये.

फोन करणारा प्रत्येकजण तिच्या त्या भाषणाचंच बोलतोय. म्हणून लिहितेय.

आमचं किराणा दुकान सांगलीत. बाबा आर्मीतून रिटायर झाले, पण दुकान काढलं आईनं. ती माण तालुक्यातली, सातवी शिकलेली.

दोन वर्षांपूर्वी दुकानाला दहा वर्षं झाली. त्याच महिन्यात समोर मोठं मार्ट उघडलं. एसी, ट्रॉल्या, ऑफर्स. गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं.

मी म्हणाले, "आई, डिस्काउंट जाहीर कर."

"न्हाई. आदी माणसांचं आभार मानू."

मी पुण्याहून छान भाषण लिहून आणलं. चार दिवस ती पाठ करत होती.

दुकानापुढं मांडव, पन्नास खुर्च्या. भरतील का, हीच धास्ती.

भरल्या. मागं लोक उभे राहिले.

"सन्माननीय ग्राहक बंधू..." आई अडकली.

परत सुरू केलं. परत अडकली.

कागद माझ्या हातात दिला.

"पोरीनं लय चांगलं लिवलंय. पर ते तिचं हाय. मी माझं बोलते."

मग पुढच्या रांगेत बसलेल्या जोशी सरांकडं वळली.

"सर, पयल्या दिशी तुमी आला तवा साखरंशिवाय काय मांडलंच न्हवतं. तुमी म्हणला, मग साखरच द्या. दुकानाची पयली भवानी तुमची."

"रेहानाभाभी कुटं हायत?"

भाभी बिचकतच उभ्या राहिल्या.

"ह्यांनी पयल्याच महिन्यात शेंगदाणं परत आणलं. खवट व्हतं. गल्लीभर सांगितलं न्हाई, मला सांगितलं. आन दुसऱ्या दिशी परत माझ्याकडंच आल्या. तवापास्नं पोतं फोडलं की पयला दाणा मी खाते. भाभी, तुमी मला दुकानदारी शिकवली."

भाभी रडायलाच लागल्या.

"पूर ओसरल्यावर दुकानातला चिखल काडायला कोण कोण आलं व्हतं? हात वर करा."

अर्ध्या मांडवाचे हात वर.

आई बघतच राहिली. मग मार्टकडं बोट केलं.

"तितं स्वस्त मिळालं तर खुशाल घ्या. घर तुमालाबी चालवायचंय. माझ्याकडं माल निवडलेला मिळंल, खराब निघाला तर परत घीन. धा वर्सं आला, लय उपकार झालं. आता च्या घ्या."

संपलं.

शिट्ट्या, टाळ्या. बाबांनी उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला! आई लाजून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर बाहेर रांग. त्यात नवे चेहरेसुद्धा. "पोतं चाखून देणाऱ्या काकू त्या तुमीच काय?"

मार्ट अजून आहे. पण त्या दिवाळीत आम्ही शेजारचा गाळाही घेतला.

काल तिला नेताना गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जोशी सर काठी टेकत शेवटपर्यंत चालले.

तेराव्यानंतर दुकान उघडतोय. बाबा बसतील. शनिवार-रविवार मी.

आई, जिंकलीस गं. निवांत जा.