नानांची जीप बघायला धुळ्याला

बावीस वर्षं लोकांचे ट्रक हाकून चिंधाची कंबर गेली होती. कपाशीच्या गठाणी आणि रातोरातचे घाट आता नको वाटत. म्हणून असोद्याच्या रतिलालनानांनी, केळीच्या पैशावर जीप घ्यायची ठरवून, "पारखून दे, ड्रायव्हर तूच," असं म्हटलं तेव्हा त्याला गहिवरून आलं. नानांचं जाणं-येणं मळा, बाजार आणि सोयरीक एवढंच. रोज रात्री घरी जेवायला मिळणार होतं.

दोघं एसटीने धुळ्याला गेले. लष्कराच्या लिलावातली ही जीप विकणारा भटूशेठ गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्याची गाडी दोनदा बघावी, हे चिंधा अनुभवाने शिकला होता.

आधी कोर्ट. तिथल्या कारकुनाने सांगितलं, या जीपवर दिव्याविना चालवल्याचा एक खटला पडून आहे. भटूशेठने कुरकुरत दंड भरला, पावती दिली. मग नोंदणीचं पुस्तक. त्यात एका पेढीच्या हप्त्यांची नोंद होती. पेढीचं फेडीचं पत्र होतं, पण पत्राने काय होतंय? मोटार कचेरीत नोंद रद्द झाल्याचा शिक्का बसेपर्यंत चिंधा हलला नाही. दुपार तिथेच गेली.

उरला चासीचा नंबर. समोरच्या पत्र्यावरची पितळी पाटी पुस्तकाशी तंतोतंत जुळली. भटूशेठ म्हणाला, "झालं ना?" पण पाटी म्हणजे दोन रिबिटांचा खेळ, काढून दुसरी बसवता येते. चिंधा घासलेटाचं फडकं घेऊन बॉनेटखाली वाकला आणि डाव्या बाजूच्या लोखंडी पट्टीवरचा चिखल पुसू लागला. पट्टीत ठोकलेले आकडे वर आले. वेगळेच.

तो तसाच वाकून राहिला. कंबर ठणकत होती. 'जुळला' एवढंच म्हटलं की नोकरी पक्की होती. नाना काही वाकून बघणार नव्हते. पण उद्या पोलिसांनी चोरीची म्हणून जीप ओढून नेली तर? त्याला स्वतःचाच राग आला. एवढं पुसायला कुणी सांगितलं होतं?

"नाना, पुस्तकमा एक नंबर शे, पट्टीवर दुसराच शे. लेऊ नका."

"तुह्या डोयाले बराबर दिसलं ना?"

"दिसनं, नाना."

भटूशेठचा आवाज चढला, पण नानांनी आगाऊ दिलेला इसार परत घेतला आणि सरळ स्टँड गाठला.

परतीच्या एसटीत एरंडोल मागे पडलं. मग नानांनी चिंधाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू व्हता म्हनून वाचलो रे. आता गाडीचा नादच नको. आपली बैलगाडी बरी." चिंधाने मान हलवली.

घरी बायकोने, शेवंताबाईने, ताट वाढलं आणि विचारलं, "जमनी का गाडी?"

"नाना फसता फसता वाचनात."

ती भाकरी मोडता मोडता थांबली. "आनि आपन?"

 चिंधाला पहाटे पुन्हा गठाणींचा ट्रक भरायचा होता, आणि ते तिला सांगायचं अजून बाकी होतं.