बिननावाची पुडी

चिकनगुनियाचा ताप आठवड्यात गेला, पण मनगटं आणि घोटे काही मोकळे होईनात. सिल्वासाजवळ मसाटच्या कारखान्यात मी धाग्याच्या मशीनवर होतो. सुपरवायझर माझ्या हाताकडे बघून म्हणायचा, "बुखार तो गया ना? फिर नाटक क्यों?"

मला मात्र संशय डॉक्टरांचा. सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी फक्त पॅरासिटामॉल दिली. "कोमट पाण्यात बोटं हळूहळू उघडा-मिटा. थोडं चाला. जोर करू नका, पण पडूनही राहू नका," म्हणाले. दुखतं तेच हलवायचं? हा माणूस मला टाळतोय, असं वाटलं.

तेवढ्यात खोलीतल्या जोडीदाराने एका वैदूची पुडी आणली. "एकाच पुडीत आराम," तो म्हणाला. पुडीवर नाव नव्हतं. इतक्या लवकर आराम देणारं त्यात काय असेल, हे मला उमगेना. न घेता ती डॉक्टरांनाच दाखवली.

ते म्हणाले, "यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. दुखणं लगेच दबतं, पण शरीराला अपाय होतो. बरं केलंत, घेतली नाहीत."

तेव्हापासून मी त्यांचं ऐकू लागलो. घोटे सुधारले, पण तीन महिन्यांनीही डावं मनगट सुजलेलंच होतं आणि सकाळी तासभर वळत नव्हतं. मग त्यांनी स्वतःहूनच सुरतच्या सांधेतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे रक्त तपासलं, औषध बदललं, काही आठवडे रजा घ्यायला लावली. सूज हळूहळू उतरली. मी कामावर परतलो, तरी सुपरवायझर माझ्या हाताकडे तसाच बघत राहिला.